पट्टी

मार्केट यार्डात कांद्याच्या पोत्यांमागून हाक आली, "बाई, ओळखलं का?"

येरवडा तुरुंगातल्या साक्षरता वर्गातला तो. 'ळ' काढताना पेन्सिल इतकी दाबायचा की कागद फाटायचा. अंगठा उठवायची त्याला फार लाज. सही जमली त्या दिवशी अख्खी पाटी भरून काढली होती. इतक्या ओढीने शिकणारं माणूस मी बाहेरच्या शाळेतही पाहिलं नाही.

आता हमाली करतो. आडत्याची पट्टी घेऊन त्याने घडाघडा वाचली: वजन, भाव, तोलाई, हमाली. "गावाकडच्या म्हाताऱ्यांना मीच वाचून देतो. काल एकाच्या वजनातली चूक धरली."

"आणि लेक?"

"माझ्याकडंच असती आता. चौथीत. भागाकार अडलाय तिचा. रविवारी आणू का?"

"सकाळीच या. जेवूनच जा दोघं."