कंपनी सोडताना परत करायच्या वस्तूंची यादी: मानसी मॅडम, खरेदी विभाग, भोसरी प्लांट

कर्मचारी क्रमांक: ०४१२
पद: वरिष्ठ खरेदी अधिकारी
रुजू: ३ जून २०१९
कामाचा शेवटचा दिवस: शुक्रवार, ३० जानेवारी २०२६
यादी दिली: मंगळवार, २० जानेवारी. तपासणी: शुक्रवार ३० जानेवारी, दुपारी ३ पासून, मनुष्यबळ विभागाच्या टेबलावर

मानसी मॅडम, ही यादी दहा दिवस आधी देण्यामागे कारण आहे. राजीनामा दिलेल्या माणसाचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. तुमच्या बाबतीत ते दिवस म्हणजे शनिवार ३१ आणि सोमवार २ फेब्रुवारी. शेवटच्या संध्याकाळी कपाटाची चावी शोधत बसलो तर सगळ्यांचीच धावपळ होईल. जे आधी देता येईल ते आधी देऊन टाका. प्रत्येक वस्तू दिली की त्याच क्षणी, घेणाऱ्याच्या सहीनिशी, पोच घ्या. "टेबलावर ठेवलंय" ही पोच नव्हे.

लॅपटॉप

☐ १४ इंची लॅपटॉप, मालमत्ता क्र. ल-११८
☐ ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर (वायरीसह, आपलाच, घरचा फोनचा चार्जर नको)
☐ वायरलेस माउस आणि त्याचा यूएसबी रिसीव्हर. रिसीव्हर बहुतेक लॅपटॉपलाच लागलेला राहतो, तो तसाच राहू द्या
☐ बॅग. चेन तुटली आहे हे नोंदीत आहे, साडेसहा वर्षांच्या वापराची झीज म्हणून त्याचे पैसे लागणार नाहीत
☑ डॉकिंग स्टेशन आणि मॉनिटर: १९ जानेवारीला आयटीने टेबलावरूनच ताब्यात घेतले

लॅपटॉप स्वतः फॉरमॅट करू नका. नीटनेटकेपणा म्हणून बरेच जण हे करतात आणि मग तीन वर्षांचे रेट काँट्रॅक्ट कुठे गेले ते कोणालाच सापडत नाही. तुमच्याकडून एवढेच हवे: ब्राउझरमधले स्वतःचे खाते साइन आउट करा, सेव्ह झालेले खाजगी पासवर्ड काढा, व्हॉट्सॲप वेब लॉगआउट करा, आणि 'डाउनलोड्स' फोल्डर एकदा उघडून बघा. आधारची प्रत, आयटी रिटर्न, मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या, घरभाडे करार हे सगळे तिथेच साठलेले असते. ते आपल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉपवरून पुसा. कंपनीच्या फाइल मात्र घरच्या मेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यायच्या नाहीत, अगदी स्वतः बनवलेली तुलनापत्रके सुद्धा.

खरेदीच्या चालू फाइल २८ तारखेपर्यंत विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये हव्यात. लॅपटॉपचा पासवर्ड कोणालाही कागदावर लिहून देऊ नका. आयटी आपल्या प्रशासक खात्यातून तो बदलेल.

मोबाइल आणि सिम: यादीतला सगळ्यात नाजूक भाग

☐ कंपनीचा हँडसेट, मालमत्ता क्र. मो-०५७, चार्जरसह
☐ कंपनीचे सिम
☐ हँडसेटमधून तुमचे गूगल खाते काढलेले आणि स्क्रीन लॉक बंद केलेला

गूगल खाते न काढता फोन रिसेट केला तर तो पुन्हा तेच खाते मागतो. मग पुढच्या माणसाच्या हातात चालणारा फोन नसून नुसते डबडे येते. म्हणून आधी खाते काढा, रिसेट आयटीला करू द्या.

सिमबद्दल जरा सविस्तर. साडेसहा वर्षे हा नंबर तुमच्या खिशात आहे. तुमचे बँक खाते, यूपीआय, आधार, पीएफचा यूएएन, गॅस बुकिंग, मुलांच्या शाळेचा ग्रुप, यांतले काय काय या नंबरला जोडलेले आहे ते आज संध्याकाळी बसून लिहून काढा. ३० तारखेनंतर येणारा प्रत्येक ओटीपी कंपनीच्या ताब्यातल्या सिमवर येईल आणि आम्ही तो तुम्हाला वाचून दाखवू शकणार नाही. आधारचा नंबर बदलायला वेळ लागू शकतो, तो सर्वात आधी हाती घ्या. यूएएनचा नंबर बदलला नाही तर पीएफ हस्तांतराच्या वेळी तुम्हीच अडकाल.

आता हेच उलट्या बाजूने. कंपनीच्या कोणत्या पोर्टलवर तुमचा नंबर किंवा तुमचा मेल नोंदलेला आहे? आमच्या माहितीतले इतके:

☐ ई-वे बिलाचा सब-युजर: तुमचा सब-युजर बंद करून नवा तुमचा चार्ज घेणाऱ्या सहकाऱ्याच्या नावे. दुसऱ्याला वापरायला दिलेला आयडी चालणार नाही
☐ कुरिअर आणि ट्रान्सपोर्टरचे खाते
☐ महावितरणच्या वीजबिलाचे एसएमएस (दरमहा तुमच्याच फोनवर येतात, हे परवाच कळले)
☐ दोन मोठ्या ग्राहकांचे सप्लायर पोर्टल
☐ कच्च्या मालाच्या ऑनलाइन खरेदीची खाती

यापलीकडे काही असेल तर ते तुम्हालाच ठाऊक. आठवेल तसे २७ तारखेपर्यंत मेलने कळवा. हे काम लॅपटॉपपेक्षा महत्त्वाचे आहे. लॅपटॉप नवा घेता येतो, पण महिनाअखेरीला गाडी गेटवर उभी आणि ओटीपी निघून गेलेल्या माणसाच्या फोनवर, अशी वेळ आली तर डिस्पॅच थांबतो.

☐ ऑथेंटिकेटर ॲप तुमच्या स्वतःच्या फोनवर असेल तर आयटीसमोर बसून कंपनीची खाती त्यातून काढा. आधी एकटीने डिलीट करू नका, नाहीतर आपल्यालाच आत जाता येणार नाही.

चाव्या

☐ टेबलाचे तीन ड्रॉवर: एक चावी
☐ नमुन्यांचे कपाट: दोन चाव्या (मूळ आणि डुप्लिकेट)
☐ अग्निरोधक कपाट: एक चावी. दुसरी लेखा विभागाकडे आहे
☐ कच्च्या मालाच्या स्टोअरची चावी: सुट्टीच्या दिवशी स्टोअर उघडण्यासाठी २०२२ मध्ये दिलेली. घरी असेल तर आधीच घेऊन या

चाव्या मनुष्यबळ विभागाकडे नाहीत, गेटवरच्या चावी रजिस्टरमध्ये जमा होतात. सुरक्षा पर्यवेक्षक प्रत्येक चावी कुलपाला लावून बघतील आणि मगच सही करतील. यात अविश्वास काही नाही, जुन्या चाव्यांची अदलाबदल झाल्याचे आम्ही पाहिले आहे. सोयीसाठी बाहेरून बनवून घेतलेली एखादी चावी असेल तर तीही द्या, कोणी विचारणार नाही. स्टोअरची चावी सापडलीच नाही तर कुलूप बदलू. त्याचा खर्च तुमच्यावर टाकायचा का, हे तुमचे म्हणणे लेखी ऐकून घेतल्याशिवाय ठरणार नाही. हा नियम यादीतल्या प्रत्येक हरवलेल्या किंवा मोडलेल्या वस्तूला लागू आहे.

ॲक्सेस कार्ड

☐ कार्ड आणि गळ्यातली पट्टी
☐ कंपनी बसचा पास
☐ स्कूटरवरचे पार्किंग स्टिकर (खरवडून काढा, तुकडे चालतील)

कार्ड दुपारी आमच्याकडे देऊ नका, नाहीतर कँटीनचा चहाही मिळणार नाही आणि बाहेर पडल्याची नोंदही होणार नाही. शेवटचा पंच करून गेटवरच द्या. संध्याकाळी ६.३० ला ते बंद होईल. कार्डावरची कँटीनची शिल्लक हिशेबात मिळेल.

खरेदी विभागाच्या वस्तू

☐ कंपनीचा आणि खरेदी विभागाचा शिक्का, स्टँप पॅडसह
☐ कोरी लेटरहेड्स: शिल्लक १४, मोजून
☐ व्हिजिटिंग कार्ड: उरलेली सगळी, कापून टाकण्यासाठी
☐ पुरवठादारांचे सुरक्षा ठेवीचे धनादेश: ३, लेखा विभागाकडे, धनादेशनिहाय पोच
☐ डिजिटल व्हर्निअर कॅलिपर, मालमत्ता क्र. व्ह-०२३

व्हर्निअर थेट गुणवत्ता विभागाकडे द्या, स्टोअरला नको. त्याचे कॅलिब्रेशन फेब्रुवारीत आहे आणि ड्रॉवरमध्ये राहून गेले तर पुढच्या ऑडिटमध्ये नाव तुमचेच निघेल.

☐ नमुने: चालू चाचणीतले लेबल लावून, बाकीचे भंगारात नाही तर संबंधित पुरवठादाराकडे परत
☑ सेफ्टी हेल्मेट: जमा
— सेफ्टी शूज परत नकोत. ते तुमच्या मापाचे, तुम्हीच ठेवा.

रोख

☐ किरकोळ खर्चाची अग्रिम रक्कम १०,००० रुपये: आजच्या नोंदीप्रमाणे ६,२४० रुपयांची बिले आणि ३,७६० रुपये रोख. टेम्पोच्या दोन पावत्यांवर सही नाही, ती घेऊन या. २९ तारखेनंतर यातून नवा खर्च करू नका.

तुमच्या स्वतःच्या वस्तू बाहेर नेताना

केटल, मनीप्लांटची कुंडी, डबे, गणपतीची मूर्ती, पुस्तके जे काही आहे त्याची यादी २९ तारखेला द्या, आम्ही परत न येणाऱ्या मालाचा गेटपास करून ठेवतो. गेटपासशिवाय पिशवी गेटवर उघडली जाते, आणि निरोपाच्या दिवशी ते कोणालाच बरे वाटत नाही.

सह्यांचा क्रम, ३० जानेवारी

३.०० आयटी (लॅपटॉप, मोबाइल, सिम), ३.४५ गुणवत्ता आणि स्टोअर, ४.१५ लेखा (रोख, धनादेश, शिक्के), ४.४५ खरेदी विभागप्रमुख (चार्ज पूर्ण), ५.०० मनुष्यबळ. चाव्या आणि कार्ड गेटवर शेवटी. निरोपाचा चहा ५.३० ला आहे, म्हणून क्रम मागेपुढे करू नका.

आमच्याकडून तुम्हाला मिळायचे

☐ अनुभवपत्र आणि मुक्तिपत्र: त्याच दिवशी, हातात
☐ शेवटचे वेतन आणि शिल्लक रजेचे पैसे: २ फेब्रुवारीपर्यंत
☐ ग्रॅच्युइटी: सेवा सहा वर्षे सात महिने. सहा महिन्यांपेक्षा जास्त कालावधी पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून सात वर्षे. हिशेबासाठी धरलेले मासिक वेतन ३१,२०० रुपये. त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की वर्षाला १८,००० आणि सात वर्षांचे १,२६,००० रुपये. अर्ज यादीसोबत जोडला आहे, भरून द्या. रक्कम ३० दिवसांच्या आत जमा होईल
☐ पीएफ: सोडल्याची तारीख आम्ही पोर्टलवर नोंदवू. यूएएन तोच राहतो, नव्या नोकरीत नवा काढू नका
☐ फॉर्म १६: १५ जूनपर्यंत. तो कंपनीच्या मेलवर पाठवून उपयोग नाही, म्हणून खाजगी मेल आणि पत्ता ५ वाजता मनुष्यबळ विभागाच्या नोंदवहीत लिहून जा

नंतर घरी आवरताना कंपनीची एखादी वस्तू सापडली, जसे की स्पेअर चार्जर किंवा एखादी फाइल, तर मनुष्यबळ विभागाला फोन करा. कुरिअर आम्ही पाठवू, पैसे आमचे.