नसरीन मॅडम, वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा

नमस्कार नसरीन मॅडम,

आज 21 जुलै. जीएसटीआर-3बी भरण्याची 20 तारीख काल पार पडल्यामुळे आज आपल्या लेखा विभागात सगळ्यांचे चेहरे जरा सैल दिसत आहेत, आणि तुमचा वाढदिवस नेमका अशा दिवशी येतो याचा आनंद तुमच्याइतकाच आम्हालाही होतो. विभागातील आम्हा सर्वांच्या वतीने तुम्हाला वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

गेल्या वर्षी मी तुमच्याविषयी चार शब्द बोलायला उभा राहिलो, तेव्हा तुम्ही लगबगीने बशा वाटायला घेतल्या होत्या. म्हणून यंदा भाषण न करता लिहूनच कळवतो आहे.

मे महिन्यात एका पुरवठादाराची तीन बिले 2बी मध्ये दिसत नव्हती आणि त्याने विवरणपत्रच भरले नसणार, असे आम्ही सगळे, त्यात मीही, ठरवून मोकळे झालो होतो. तुम्ही मात्र खरेदीची छापील यादी समोर घेतली, तिच्यावर स्टीलची पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकत गेलात आणि त्याने आपल्या 27 ने सुरू होणाऱ्या क्रमांकाऐवजी गुजरातच्या कारखान्याचा 24 ने सुरू होणारा क्रमांक टाकला असल्याचे शोधून काढलेत. पुढच्या महिन्यात दुरुस्ती होऊन अडकलेले क्रेडिट मिळाले, ते तर झालेच. पण त्यांच्याकडच्या घाबरलेल्या नव्या मुलाला तुम्ही फोनवर ज्या शांतपणे चूक समजावून सांगितलीत, ते ऐकताना मला माझेच काही जुने फोन आठवले आणि थोडे ओशाळल्यासारखे झाले. मुरुगन आता जुळणीच्या अडचणी मराठीत विचारतो आणि आपल्या तिन्ही प्रशिक्षणार्थींच्या टेबलावर तशीच पट्टी आली आहे, याचेही श्रेय तुमच्याकडेच जाते.

दुपारी चार वाजता सर्वांनी मोठ्या टेबलापाशी जमावे. केक अंड्याशिवाय आहे आणि ज्यांचा उपवास आहे त्यांच्यासाठी केळी व राजगिऱ्याचे लाडू मागवले आहेत. केक खायचा आहे, कोणाच्याही तोंडाला फासायचा नाही, हे तरुण मंडळींना आधीच सांगून ठेवतो. वर्गणी कोणीही काढू नये.

डिसेंबरच्या सीएमए परीक्षेला बसणार असल्याचे तुम्ही परवा जेवताना सर्वांना आनंदाने सांगितलेत, पण अभ्यासाच्या रजेचा अर्ज अजून माझ्याकडे आलेला नाही. तो या आठवड्यात द्यावा. त्या दिवसांतले काम कोणी कसे वाटून घ्यायचे, हे जोसेफ आणि स्नेहल यांनी आपणहून ठरवून मला कळवले आहे.

आपला,
विवेक
व्यवस्थापक, लेखा विभाग