पॉडकास्टचं नाव: माझा कौल आणि बाकीची यादी

निखिल, सायली,

घाईत असाल तर एवढंच वाचा: नोकरदारांच्या पैशांवरच्या तुमच्या पॉडकास्टला नाव ठेवा «हातचा एक», आणि त्याखाली बारीक अक्षरात «पगार आला, आता पुढे?». का, ते खाली लिहिलंय. हे नाव नकोच असेल तर बाकीचे पर्यायही दिलेत.

तुम्ही पाठवलेल्या नावांच्या यादीबद्दल आधी कडू बोलून घेतो. «मंत्र», «फंडा», «गुरु» आणि «स्मार्ट» या शब्दांवर आपल्याकडून कायमची काट. पैशांबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ते वापरून चोथा केलाय. «श्रीमंत», «कोटी», «कुबेर» वगैरेही नकोत. तुमचा श्रोता नोकरीला लागून दोन-चार वर्षं झालेला आहे, भाडं आणि हप्ता देऊन उरलेल्यात महिना काढतो. त्याला कुबेर म्हटलं की त्याला एक तर हसू येतं किंवा आपल्याला काहीतरी विकताहेत असा वास येतो. «सल्ला» आणि «सल्लागार» तर मुळीच नकोत. गुंतवणुकीचा सल्ला द्यायला बऱ्याच देशांत नोंदणी किंवा परवाना लागतो. आपण माहिती देणार, गप्पा मारणार. ज्याची परवानगी नाही त्याची पाटी दारावर कशाला लावायची?

«तरुण» हा शब्दही काढला. आज पंचविशीत असलेला श्रोता पस्तिशीतही ऐकत राहावा असं वाटत असेल तर नावातच त्याचं वय कोंबू नका.

आता यादी. मोठ्याने म्हणत वाचा, डोळ्यांनी नको.

«पगार झाला!» ऑफिसात कुणीतरी फोन बघतो आणि एवढंच बोलतो, बाकीचे आपापले फोन काढतात. तो क्षण या दोन शब्दांत आहे, म्हणून मला हे फार आवडलं होतं. अडचण शोधण्याची. हे शब्द टाइप केले की थकलेल्या पगारांच्या बातम्या समोर येणार, आणि आपण त्यांच्या खाली कुठेतरी.

«एक तारीख». सुटसुटीत आहे, पण पगार सगळ्यांचा एकलाच होतो असं नाही. कुणाचा महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी होतो, कुणाचा सात तारखेला.

«हाती किती?» माझा दुसरा नंबर. ऑफर लेटरवरचा वार्षिक आकडा आणि खात्यात पडणारी रक्कम यांच्यात जी दरी असते, तीच पहिल्या नोकरीतली पहिली ठेच. प्रश्नार्थक नाव चटकन लक्षात राहतं आणि कुणीतरी कुणालातरी विचारत असल्यासारखं वाटतं. फक्त हे नाव कपातींपुरतं आहे. विमा, कर्ज, निवृत्तीची तजवीज या विषयांवर आलात की ते तोकडं पडेल.

«पगारपाणी». यात नातेवाइकांचा आवाज आहे, ते «काय मग, पगारपाणी किती?» असं विचारतात तो. विनोदी कार्यक्रम असता तर डोळे मिटून हेच घेतलं असतं.

«शिल्लक». एक शब्द, नेमका, सगळ्यांना कळणारा. पण तुमच्या कार्यक्रमाचं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. खर्च करून उरेल ती बचत, हाच विचार तर मोडायचाय.

«जमेची बाजू». वहीतली जमा आणि आयुष्यातली चांगली गोष्ट, दोन्ही एकात. शब्द छान, पण तोंडात जरा भारदस्त होतो. तिशीतल्या दोघांच्या गप्पांना हे नाव दिलं तर काका लोक ऐकायला येतील.

«चार पैसे». चार पैसे बाजूला टाक, चार पैसे गाठीला असू देत, असं आपण बोलतोच. ऊबदार आहे. हे नाव मी बाद केलेलं नाही, तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.

«बहात्तर». हे माझं लाडकं आणि निरुपयोगी नाव. 72 ला वार्षिक व्याजदराने भागलं की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं: 8 टक्क्यांना 9 वर्षं, 6 टक्क्यांना 12. शिवाय बहात्तर रोगांवर एक औषध ही म्हण फुकटात मिळते. पण घरातल्या मोठ्यांसमोर «बहात्तर» म्हटलं की त्यांना दुष्काळ आठवतो. पैशांच्या कार्यक्रमाला दुष्काळाचं नाव, नको.

«वरकमाई». सुचलं तेव्हा छान वाटलं, मोठ्याने म्हटल्यावर लाच खाल्ल्यासारखं वाटलं. «चिरीमिरी»चंही तेच.

«पै पै», «काटकसर», «चिक्कू» यांना मी लांबूनच नमस्कार केला. पैसे जपणं म्हणजे जीव मारून जगणं असा सूर पहिल्याच शब्दात लागला तर दुसरा भाग कुणी ऐकणार नाही.

आता «हातचा एक».

शाळेतली बेरीज आठवा. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. तो एक आपण डावीकडच्या घराच्या डोक्यावर बारीक लिहून ठेवायचो, आणि विसरला की अख्खं उत्तर चुकायचं. पगाराचंही असंच व्हावं हे तुमच्या कार्यक्रमाचं म्हणणं आहे. या महिन्याचा हिशोब पूर्ण होण्याआधीच थोडं पुढच्या घरात टाकून द्यायचं. गंमत अशी की एककातून निघालेला तो एक दशकाच्या घरात गेला की दहा मोजला जातो. डावीकडे सरकलं की किंमत वाढते, चक्रवाढीबद्दल बोलायला यापेक्षा सोपी सुरुवात मला तरी मिळाली नाही. वर «हातचा राखून ठेवणे» आहेच, आणीबाणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला दुसरं काय म्हणणार?

निखिल, तुझा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय: इंग्रजी शाळेतली पोरं «कॅरी» म्हणतात, त्यांना हातचा कुठून माहीत? बरोबर आहे, काहींना नसेल. पण ती मुलं मराठी पॉडकास्ट लावताहेत म्हणजे घरात मराठी बोलली जाते, आणि घरात कुणीतरी त्यांचा अभ्यास घेतलेला असतो. उरलेल्यांसाठी ट्रेलरमध्ये एक वाक्य पुरतं. ज्या नावाचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो आणि ते वाक्य हाच कार्यक्रमाचा विषय असतो, ते नाव समजावून सांगायला लागलं तरी माझी हरकत नाही.

नुसतं «हातचा» ठेवू नका. फोनवर ते «हाताचा» ऐकू येतं आणि बोलून शोधताना तर हमखास गोंधळ होईल. «एक» जोडला की कानाला आख्खा वाक्प्रचार मिळतो आणि चूक होत नाही.

आणखी एक फायदा कव्हर बनवताना लक्षात येईल. अक्षरं बघा: हातचा एक. शिरोरेषेच्या वर काही नाही, खाली उकार नाही, जोडाक्षर नाही. कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेलचं बनवतात खरं, पण फोनवर ते नखाएवढं दिसतं, आणि तिथे सगळ्यात आधी वेलांट्या-मात्रांचा चिखल होतो. हे नाव तिथेही वाचता येईल. «जमेची बाजू» आणि हे नाव कागदावर शेजारी शेजारी लिहा, मग हात लांब करून बघा.

रोमन स्पेलिंगमध्ये मात्र डोकेदुखी आहे. कुणी hatcha लिहील, कुणी haatcha, कुणी hatacha. वेबसाइट, सोशल मीडिया, सगळीकडे `hatchaek` हे एकच धरा, आणि जमलं तर `haatchaek` हेही घेऊन ठेवून तिकडून इकडे वळवा. कार्यक्रमाच्या शीर्षकात मात्र «हातचा एक» एवढंच. «हातचा एक: बचत, गुंतवणूक, कर्ज, विमा, टॅक्स» असली शेपूट लावू नका. अ‍ॅपल शीर्षकात शोधशब्द कोंबलेले कार्यक्रम नाकारू शकतं, आणि तसंही फोनवर ती शेपूट कापलीच जाते. ते शब्द वर्णनात टाका. वर्णन मी लिहिलंय, हे घ्या:

«पगार येतो आणि जातो, मधल्या दिवसांचं काय? सायली आणि निखिल दर मंगळवारी नोकरदारांच्या पैशांबद्दल साध्या भाषेत बोलतात: पगाराची स्लिप, बचत, क्रेडिट कार्ड, कर्जाचे हप्ते, विमा, टॅक्स आणि गुंतवणुकीची सुरुवात. झटपट श्रीमंतीची वाट इथे मिळणार नाही. हिशोब मिळेल.»

आणि हा ट्रेलर. मिनिटाच्या आत बसतो, पण सायली, तू भरभर बोलतेस, पहिल्या ओळीनंतर श्वास घे.

सायली: पगाराचा मेसेज येतो ना, तेव्हा आपण सगळे दोन मिनिटं श्रीमंत असतो.
निखिल: मग भाडं. हप्ता. कार्डाचं बिल.
सायली: आणि वीस तारखेला शोधाशोध, गेले कुठे?
निखिल: शाळेत बेरीज करताना हातचा आधी डोक्यावर लिहून ठेवायचो.
सायली: नाहीतर गणित चुकायचं.
निखिल: इथेही तेच. पैसे आले की आधी हातचा बाजूला, मग खर्च.
सायली: कुठला शेअर घ्या, ते आम्ही सांगणार नाही.
निखिल: पण कार्डाची नुसती किमान रक्कम भरत राहिलं की बाकी का संपत नाही, ते सांगू.
सायली: आणि उद्या नोकरी गेली तर तुमचे किती महिने निघतील, तेही मोजू.
निखिल: मी निखिल.
सायली: मी सायली. आणि हा आहे «हातचा एक».

सदरांनाही नावं लागतील, त्यात बाद झालेलं एखादंही चालेल. पगाराच्या स्लिपचं पोस्टमॉर्टेम करता त्या सदराला «वजाबाकी». श्रोत्यांच्या प्रश्नांना «महिनाअखेर», कारण प्रश्न तेव्हाच येतात. व्याजाचं गणित असेल त्या भागाला «बहात्तर», तिथे दुष्काळ आठवला तरी चालेल, आकडा लगेच समजावता येतो.

पक्कं करण्याआधी तीन गोष्टी. नाव अ‍ॅपल, स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर देवनागरी आणि रोमन दोन्हींत शोधा, जवळपासचं काही असेल तर मला कळवा. ट्रेडमार्क बघताना फक्त मनोरंजन-शिक्षणाचा वर्ग 41 बघून थांबू नका. विषय पैशांचा आहे, म्हणून वित्तसेवांचा 36 आणि डाउनलोड होणाऱ्या ध्वनिमुद्रणांसाठी 9 हेही तपासा. आणि विषय न सांगता चार जणांना फोनवर नुसतं नाव सांगा, त्यांना ते लिहून पाठवायला लावा. काय काय स्पेलिंग येतात ते मला बघायचंय.

शुक्रवारपर्यंत दोघांचं एकमत झालं नाही तर «हाती किती?» धरा आणि कव्हरचं काम सुरू करा. पहिला भाग रेकॉर्ड होऊन पडलाय, नावासाठी त्याला आणखी ताटकळत ठेवायला नको.

मंदार