शुल्काच्या बिलावरील अपरिचित आयबॅनबाबत बँकेला पत्र

दिनांक : ९ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
परकीय चलन कक्ष,
दादर (पश्चिम) शाखा,
मुंबई ४०० ०२८

विषय : जर्मनीतील विद्यापीठाच्या शुल्क-बिलावरील आयबॅन LT या अक्षरांनी सुरू होत असल्याने, तो अपेक्षित देशाशी जुळतो का याची खातरजमा करून मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी आपल्या शाखेची गेल्या सत्तावीस वर्षांची खातेदार असून माझ्या बचत खात्याचे शेवटचे चार अंक ४१७२ असे आहेत. माझी मुलगी मृण्मयी बर्लिनमधील एका खासगी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तिच्या दुसऱ्या सत्राचे ४,८५० युरो, म्हणजे सुमारे पाच लाख रुपये, ३० सप्टेंबरपूर्वी विद्यापीठाकडे जमा व्हायला हवेत. त्यासाठीचा ए-२ फॉर्म मी ४ सप्टेंबर रोजी सही करून आपल्या काउंटरवर दिला आहे. मात्र बिलावरील खाते क्रमांकाबाबत मनात शंका आल्याने ही रक्कम तूर्त पाठवू नये, अशी विनंती मी आज सकाळी फोनवरून केली असून या पत्राद्वारे ती लेखी स्वरूपात पुन्हा करीत आहे.

शंकेचे कारण असे. पहिल्या सत्राचे शुल्क मी फेब्रुवारीत आपल्याच शाखेतून भरले होते. त्या वेळच्या बिलावरील आयबॅन DE ने सुरू होत होता, पैसे वेळेत पोहोचले आणि विद्यापीठाची पावतीही आली. नव्या बिलावर विद्यापीठाचे नाव, बर्लिनचा पत्ता, बोधचिन्ह आणि मुलीचा विद्यार्थी क्रमांक हे सारे जुन्या बिलाप्रमाणेच आहे, परंतु आयबॅन LT ने सुरू होतो आणि एकूण रकमेच्या खाली एका चौकटीत, आमचे बँक तपशील बदलले असून जुन्या खात्यावर पैसे पाठवू नयेत, अशा अर्थाची सूचना छापली आहे. काउंटरवर मला अर्जाची जी छापील प्रत मिळाली, तिच्यात लाभार्थीच्या देशापुढे जर्मनी आणि त्याच्या खालच्याच ओळीत लाभार्थी बँकेच्या देशापुढे लिथुआनिया असे आहे. हे माझ्या लक्षात घरी गेल्यावर आले.

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी दोन्ही बिले शेजारी ठेवून मी पेन्सिलीने एकेक अक्षर मोजले. जुन्या बिलावरील आयबॅन बावीस अक्षरांचा आहे आणि जर्मनीचा आयबॅन तेवढाच असतो : देशाची दोन अक्षरे, पडताळणीचे दोन अंक, बँकेचा आठ अंकी संकेतांक आणि दहा अंकी खाते क्रमांक. नव्या बिलावरील आयबॅन वीस अक्षरांचा आहे, आणि लिथुआनियाच्या आयबॅनची लांबीही वीसच असते. त्याखाली दिलेल्या स्विफ्ट कोडातील पाचवे आणि सहावे अक्षर, जिथे देश नोंदवलेला असतो, तेही LT च आहे. तेव्हा एखादे अक्षर चुकीचे छापले गेले असेल, ही शक्यता मला उरलेली दिसत नाही. हे खाते लिथुआनियातील संस्थेकडे आहे असेच बिल सांगते, आणि ते पैसे मागते मात्र बर्लिनच्या विद्यापीठाच्या नावाने.

मी गणिताची शिक्षिका होते, म्हणून पडताळणीचे दोन अंकही तपासून पाहिले. पहिली चार अक्षरे शेवटी नेली, L च्या जागी २१ आणि T च्या जागी २९ लिहिले आणि तयार झालेल्या बावीस अंकी संख्येला ९७ ने भागले. बाकी १ उरली, म्हणजे क्रमांक नियमानुसार आहे. ४ सप्टेंबर रोजी काउंटरवरील अधिकाऱ्यांनी मला सांगितले की आयबॅन सिस्टीमने स्वीकारला आहे, त्यामुळे तो बरोबरच असणार. त्यांनी मला आपुलकीने वेळ दिला, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु सिस्टीमने केलेली तपासणी आणि मी वहीत केलेला भागाकार एकाच गोष्टीची ग्वाही देतात, ती म्हणजे क्रमांक लिहिताना अंक चुकलेला नाही. खाते कोणाचे आहे, हे त्या भागाकारातून कळत नाही. लबाडीने उघडलेल्या खात्याच्या क्रमांकालाही ९७ ने भागले तर बाकी १ च उरेल.

दुसरी बाजूही मी विचारात घेतली आहे. लिथुआनिया १ जानेवारी २०१५ पासून युरो वापरतो. तेथे परवाना घेतलेल्या अनेक पेमेंट संस्था युरोपभरच्या ग्राहकांना LT ने सुरू होणारे खाते क्रमांक देतात, आणि युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमानुसार एखाद्या जर्मन संस्थेने दुसऱ्या सदस्य देशातील खात्यावर युरोत रक्कम स्वीकारणे मुळीच बेकायदेशीर नाही. विद्यापीठाने शुल्कवसुलीचे काम अशा एखाद्या संस्थेकडे दिलेही असेल. त्यामुळे केवळ LT पाहून हे बिल खोटे आहे असा आरोप मी करत नाही. मात्र बँक तपशील बदलल्याची सूचना ईमेलने येणे आणि नवे खाते वेगळ्याच देशातील असणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की पैसे पाठवण्याआधी थांबणे भाग आहे, असे मला मनापासून वाटते.

माझ्या काळजीचे मूळ कारण असे की एकदा पाठवलेली रक्कम परत मिळवण्याचा खात्रीचा मार्ग मला दिसत नाही. आपल्या देशात आरटीजीएस किंवा एनईएफटी करताना, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांमुळे या एप्रिलपासून खातेदाराचे नाव आधी पाहता येते. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या रकमेला ती सोय लागू नाही. युरो क्षेत्रातील बँकांना नाव आणि आयबॅन जुळतात का हे येत्या ९ ऑक्टोबरपासून तपासून द्यावे लागणार आहे, परंतु ती व्यवस्थाही त्यांच्या आपसातील युरो हस्तांतरणांसाठी आहे. शिवाय युरोपातील पेमेंट कायद्यानुसार रक्कम दिलेल्या आयबॅनवर जमा झाली की ती योग्य ठिकाणी जमा झाली असेच धरले जाते, नाव वेगळे असले तरीही. म्हणजे मी फॉर्मवर विद्यापीठाचे नाव कितीही काळजीपूर्वक लिहिले, तरी पैसे कुठे जायचे हे ती वीस अक्षरेच ठरवणार. ही रक्कम माझ्या निवृत्तीच्या पैशातून केलेली, आपल्याच शाखेतील मुदत ठेव मोडून उभी केली आहे. ती चुकीच्या हाती गेली तर मुलीचे सत्र वाचवण्यासाठी माझ्याकडे दुसरी ठेव नाही.

आमच्या बाजूने जे करता येईल ते सुरू आहे. मृण्मयीने विद्यापीठाच्या विद्यार्थी पोर्टलवरून शुल्क विभागाला विचारणा केली आहे. त्या पोर्टलवर देय रक्कम दिसते, पण बँक खाते दिसत नाही. नव्या बिलावर छापलेल्या फोन क्रमांकावर विचारणा करू नये, असे मी तिला बजावले आहे, कारण बिल खोटे असेल तर तो क्रमांकही खोटाच असणार. गेल्या वर्षीच्या प्रवेशपत्रावरील क्रमांकावर ती उद्या बोलणार असून शक्य झाल्यास कार्यालयात प्रत्यक्ष जाणार आहे. तिला लेखी उत्तर मिळताच मी त्याची प्रत आपल्याकडे आणून देईन.

बँकेकडून मला प्रथम हे लेखी हवे आहे की आपल्या नोंदींनुसार LT ही अक्षरे कोणत्या देशाची आहेत, सोबतच्या बिलावरील आयबॅन आणि स्विफ्ट कोड एकाच संस्थेचे आहेत का, आणि ती संस्था बँक आहे की पेमेंट संस्था. ती पेमेंट संस्था असल्यास, भारतातून स्विफ्टने आलेली रक्कम ती थेट स्वीकारते की मध्ये आणखी एखादी बँक लागते, हेही कृपया कळवावे, कारण बिलावर मध्यस्थ बँकेचा उल्लेख नाही. त्यानंतरचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा : लाभार्थीचा देश जर्मनी आणि खात्याचा देश लिथुआनिया अशी तफावत असताना शिक्षणखर्चाची रक्कम पाठवण्यापूर्वी बँक लाभार्थीकडून काही जादा पुरावा मागते का? मागत असल्यास तो कोणत्या स्वरूपात लागेल, विद्यापीठाच्या लेटरहेडवरील सही-शिक्क्याचे पत्र चालेल की आणखी काही, हे वेळेत समजले तर मृण्मयी कार्यालयात जाईल तेव्हाच ते मागून घेईल. तसेच आपल्या युरोपातील प्रतिनिधी बँकेमार्फत, रक्कम न पाठवता, या खात्याच्या धारकाचे नाव विद्यापीठाच्या नावाशी जुळते एवढेच विचारून घेणे शक्य असेल तर ते अवश्य करावे. त्यासाठी जे शुल्क पडेल ते माझ्या खात्यातून वळते करण्यास माझी संमती आहे.

फेब्रुवारीत ज्या DE खात्यावर रक्कम गेली ते आपल्या नोंदीत असेलच. त्या खात्यावर ही रक्कम पाठवावी, अशी विनंती मी आज करत नाही, कारण ते खाते खरोखरच बंद झाले असेल तर पैसे परत येण्यात मुदत टळून जाईल. विद्यापीठाने जुने खाते चालू असल्याचे लेखी कळवले, तर मी नव्याने ए-२ फॉर्म भरून देईन. ४ सप्टेंबरचा फॉर्म तोपर्यंत प्रलंबित ठेवावा, आणि माझी सही असलेले दुसरे पत्र मिळाल्याशिवाय, केवळ फोन किंवा ईमेलवरून कोणी सांगितले म्हणून, त्यावर कार्यवाही करू नये.

शुल्काची मुदत आणि रक्कम पोहोचण्यास लागणारे दिवस लक्षात घेता आपले उत्तर १७ सप्टेंबरपर्यंत मिळाल्यास माझ्या हाती पुरेसा वेळ राहील. शाखेत बोलावल्यास मी कोणत्याही दिवशी सकाळी साडेदहानंतर येऊ शकते. माझा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक आपल्याकडे आहेच.

कळावे,

आपली विश्वासू,

सुनंदा विनायक सावंत
(सही)
गोखले रस्ता (उत्तर), दादर (पश्चिम), मुंबई ४०० ०२८

सोबत : फेब्रुवारीतील बिलाची व विद्यापीठाच्या पावतीची प्रत, नव्या बिलाची व ते ज्या ईमेलसोबत आले त्याची छापील प्रत, आणि ४ सप्टेंबरच्या अर्जाची, दोन्ही देशांच्या नावांखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली प्रत.