दादा, ताई, आईच्या विधींचं आजच ठरवूया

दादा, ताई, हा मेसेज मोठा होणारे पण दोघांनी पूर्ण वाचा. फोनवर काल तिघंही रडत आणि ओरडत होतो, त्यात कुणाचंच ऐकून झालं नाही. हे आपल्या तिघांतच ठेवा, मोठ्या ग्रुपवर नको, तिथे काका लगेच आपलं मत टाकतात आणि मग आपण एकमेकांशी न बोलता त्यांनाच उत्तरं देत बसतो.

ताई, आई तुला म्हणाली होती की माझ्यामागे तामझाम नको, ते खरंच आहे, मी पण तिथेच होते. पण दादा सांगतो तेही खोटं नाही गं. बाबांचे विधी झाले त्या रात्री आई त्याला म्हणाली होती, सगळं रीतसर झालं, आता मला झोप लागेल. मला वाटतं तिला विधी हवे होते, गर्दी नको होती. मग तसंच करूया ना. दादा म्हणतो ते सगळे विधी घरीच, नीट, काहीही न गाळता, आणि बसायला आपण तिघंही, फक्त दादा नाही. हॉल नको, दोनशे माणसं नकोत. ज्यांना भेटायला यायचंय त्यांच्यासाठी एक संध्याकाळ घर उघडं ठेवू.

आता पैसे. दादा, "सगळा खर्च मी करतो" हे तू प्रेमाने म्हणालास मला माहितीये, पण ताईला ते "मग ठरवणार पण मीच" असं ऐकू आलं आणि ती रात्रभर झोपली नाही. तिने चौदा महिने नोकरी सोडून आईचं सगळं केलं, रात्री दोन दोनदा उठून कूस बदलून दिली, ते कुठल्या हिशोबात धरणार आपण? म्हणून समान तीन वाटे नकोत. खर्चाचे पाच भाग करू, दोन तुझे, दोन माझे, एक ताईचा. ताई, तुला तेही आत्ता जमत नसेल तर सरळ सांग, आपल्यात लाज कसली. हॉस्पिटलचं शेवटचं बिल दादाने भरलंय ते पण याच हिशोबात घेऊ. पावत्या इथेच फोटो काढून टाका, मी शीट करते. आईच्या खात्याला कुणी हात लावायचा नाही, एटीएमचा पिन माहीत असला तरी, ते कागदपत्रं झाल्यावर बघू.

ताईला आईच्या नावाने देणगी द्यायचीये, ती द्यायचीच, हॉलचे वाचतील त्यातून. दादा, एवढं मान माझ्यासाठी.

काही पटत नसेल तर लिहू नका, रात्री नऊला मी कॉल लावते तेव्हा बोला. गुरुजींना उद्या सकाळी कळवायचंय. आणि ताई, आईची ती निळी शाल धुवायला टाकू नकोस प्लीज, मी येईपर्यंत तशीच राहू दे.