उसन्या पैशावर क्रिप्टो नको

त्रिमूर्तीनगर, नागपूर
११ जानेवारी २०२६

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

तू सहा लाखांचे वैयक्तिक कर्ज काढून क्रिप्टोत व्यवहार करणार असल्याचे रविवारी तुझ्या आईकडून समजले. फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

क्रिप्टो चांगले की वाईट, हा वाद मी घालत नाही. माझी हरकत उसन्या पैशाला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर गेलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आला आणि जुन्या उच्चांकाला परत पोहोचायला मार्च २०२४ उजाडला. स्वतःच्या पैशाने घेणाऱ्याला तेवढे दिवस गप्प बसून राहता आले. पण ज्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो, त्याला भाव पडलेला असतानाच विकावे लागते.

हे मी भोगलेले आहे. १९९२ साली शेअर बाजार चढत असताना मी कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून वीस हजार रुपये उचलून शेअर घेतले. घोटाळा उघडकीस आला, भाव कोसळले, आणि पगारातून हप्ता कापला जात असल्यामुळे घर चालवण्यासाठी मी ते निम्म्या किमतीला विकले. पुढे काही वर्षांनी त्याच कंपनीचा भाव माझ्या खरेदीच्याही वर गेला, पण तोवर माझ्याकडे एकही शेअर उरला नव्हता. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास, आणि ही गोष्ट तुला आजवर सांगितली नाही, ही माझी चूक.

आता हिशेब पाहा. सहा लाख, पंधरा टक्के, तीन वर्षे: हप्ता सुमारे २०,८०० रुपये, आणि एकूण व्याज जवळपास दीड लाख. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर आहे. नफा काढताना विक्रीच्या रकमेतून खरेदीची किंमत तेवढी वजा होते, कर्जाचे व्याज होत नाही. म्हणजे नुसते व्याज भरून निघण्यासाठी तुला सव्वादोन लाखांच्या जवळपास नफा मिळवावा लागेल. एका नाण्यात झालेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. त्यात तू लिव्हरेज घेण्याचे, म्हणजे आपल्या रकमेच्या कैक पट सौदा उसनवारीवर करण्याचे म्हणतोस. ते तर कर्जावर कर्ज. दहापट घेतल्यास भाव दहा टक्के खाली येण्याआधीच तुझी रक्कम संपलेली असेल, आणि हा बाजार तू झोपलेला असतानाही चालू असतो.

कर्ज मंजूर झाले असले तरी रक्कम अजून खात्यात आलेली नाही, असे आई म्हणाली. तसे असेल तर उद्याच नकार कळव. क्रिप्टो घ्यायचेच असेल तर पगारातून, पूर्ण बुडाले तरी घरभाडे थांबणार नाही एवढेच घे. त्याला मी आड येणार नाही. आणि पैशाची काही अडचण असल्यामुळे हे करत असशील, तर ती मला स्पष्ट सांग. माझी एक मुदत ठेव मार्चमध्ये पूर्ण होत आहे.

शनिवारी तुझ्या फोनची वाट पाहीन.

तुझा,
बाबा