केअर प्लॅन: लिव्हर सिरॉसिस, मेल मेडिकल वॉर्ड, बेड १४

पेशंट ५२ वर्षांचे काका, १५ वर्षं दारू, आता पोट फुगलंय, पाय सुजलेत, जेवण जात नाही. वजन ६८ किलो, पण पाणी आणि सूज वजा केली तर अंदाजे ५८च. पोटाचा घेर १०४ सेमी, बीपी १०४/६६, अल्ब्युमिन २.४, सोडियम १३१, प्लेटलेट ६२ हजार, आयएनआर १.८. एंडोस्कोपीत व्हेरिसेस आहेत.

१) फ्लुइड व्हॉल्यूम एक्सेस (पोर्टल हायपरटेन्शन, अल्ब्युमिन कमी)
गोल: वजन रोज जास्तीत जास्त १ किलोने उतरावं, पायाची सूज गेली की अर्ध्या किलोपेक्षा जास्त नको, नाहीतर किडनी बसते.
वजन रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर. घेर बेंबीच्या लेव्हलला, झोपवून, श्वास सोडल्यावर, आणि टेप जिथे ठेवला तिथे दोन्ही कुशीला मार्करने खूण करा, नाहीतर सकाळची पोरगी १०४ लिहिते, रात्रीची १०१ आणि सगळे खूश, पाणी मात्र तेवढंच. इनटेक-आउटपुट, पोटॅशियम, क्रिएटिनिन बघा कारण स्पायरोनोलॅक्टोन १०० आणि फ्युरोसेमाइड ४० चालू आहे. पाणी बंद करायची घाई नको, सोडियम १२५च्या खाली गेलं तरच डॉक्टर सांगतील. टॅपिंगमध्ये ५ लिटरच्या वर काढलं तर दर लिटरला ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन ऑर्डरप्रमाणे. ताप, पोटदुखी, गोंधळलेपणा दिसला की एसबीपी समजून लगेच कळवा.

२) रिस्क फॉर ब्लीडिंग
आयएम इंजेक्शन टाळा, सुई बारीक, टोचल्यावर निदान ५ मिनिटं दाबून धरा. मऊ ब्रश, इलेक्ट्रिक रेझर, डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेन अजिबात नाही. शौचाला जोर नको. संडास स्वतः बघा, "काळी झाली का" विचारलं की काका नाहीच म्हणतात. रक्ताची उलटी झाली तर कुशीवर वळवा, सक्शन, ऑक्सिजन, दोन जाड कॅन्युला, क्रॉसमॅच, आणि ऑक्ट्रिओटाइड, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ऑर्डरप्रमाणे. प्रोप्रॅनोलॉलआधी पल्स-बीपी, सिस्टोलिक ९०च्या खाली असेल तर थांबवून विचारा.

३) इम्बॅलन्स्ड न्यूट्रिशन
५८ किलोवर हिशोब: १७४० ते २०३० कॅलरी, प्रोटीन ७० ते ८७ ग्रॅम. "लिव्हर खराब, प्रोटीन बंद" हे डोक्यातून काढा, एन्सेफॅलोपॅथीतसुद्धा बंद करत नाहीत. थोडं थोडं सहा वेळा: मुगाची डाळ, दही, अंडी, मऊ भात. झोपताना दूध-पोहे द्याच, कारण लिव्हरमध्ये ग्लायकोजेन साठत नाही आणि रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्नायू खातं. मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम. लॉकर उघडून बघा, आमच्या काकांकडे लिंबाच्या लोणच्याची बाटली आणि फरसाण निघालं, काकू म्हणाल्या "तोंडाला चव नाही हो त्यांच्या". लिंबू, कोथिंबीर, जिरं सांगितलं. लो सॉल्ट पावडर नको, त्यात पोटॅशियम असतं. थायमिन ऑर्डरप्रमाणे.

इव्हॅल्युएशन, तिसरा दिवस: वजन ६६.२, घेर १०१ (खुणेवरच), ब्लीडिंग नाही, संडास पिवळी. खाल्लेलं अंदाजे १४०० कॅलरी, गोल अर्धवट, डाएटिशियनला परत बोलावलंय.